वेलांटीकाका

आमच्या कचेरीतला कोणी नोकरी सोडणार असेल, तर ते आधी त्याच्या बायकोला कळतं, मग वेलांटीकाकांना आणि सगळ्यात शेवटी सरांना. कधीकधी पहिले दोन क्रमांक उलटेही होतात.

आमची शालेय पुस्तकं छापणारी पुण्यातली लहानशी प्रकाशन संस्था. इथला सगळा पत्रव्यवहार मराठीतच झाला पाहिजे हा सरांचा हट्ट. त्यामुळे रजेचा अर्ज मराठीत, पंखा बिघडल्याची तक्रार मराठीत आणि राजीनाम्याची मेलही मराठीत. आता मराठीत मेल लिहायची म्हणजे वेलांट्या आल्या, आणि वेलांट्या आल्या की काका आले. काकांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे. बाकी कोणी वापरत नाही. ते आमचे मुद्रितशोधक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला येऊन बसले आणि त्यांना घरी जा म्हणायचं धाडस कोणाला झालं नाही. खिळे जुळवण्याच्या काळातला माणूस. टेबलावर लाल पेन, पट्टी आणि साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांची जीर्ण पुस्तिका. १९६२चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चारांची भर, मिळून अठरा. "गीतेचे अध्यायही अठराच," असं काका म्हणतात. ते हे गमतीनं म्हणतात असं आम्ही बरेच दिवस समजत होतो.

खरं तर राजीनाम्याला मदत करणारी माणसं कचेरीत पुष्कळ. पण ती सगळी मजकुरात हात घालतात. हिशेब विभागातल्या ताईंना दाखवला, तर त्या शेवटी "आपला आशीर्वाद असावा" असं घालून अख्खं पत्र ओलं करून टाकतात. गोदामातले अण्णा कुठल्याशा युनियनमध्ये होते. त्यांच्या हातून पत्र परत आलं की त्यात तीन "सदरहू" आणि एक "न्यायप्रविष्ट" असतं. काकांकडे मात्र ज्या रागाने पत्र जातं त्याच रागाने परत येतं, फक्त वेलांट्या जागेवर बसलेल्या असतात.

एकाने राजीनाम्याची सुरुवात "कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की" अशी केली होती. वाक्य लग्नपत्रिकेतून उचललेलं, हे उघड होतं. आम्ही म्हटलं, काका, हे तरी बदला. काका म्हणाले, "व्याकरण ठीक आहे. आणि होत असेल त्याला आनंद."

गेल्या ३१ मार्चला संध्याकाळी आमच्या मांडणी विभागातला मुलगा त्यांच्याकडे आला. लॅपटॉप उघडाच होता. काकांनी आधी पडद्याकडे बोट केलं. "वर To मध्ये सरांचा पत्ता आहे. तो पुसून टाक." मुलाने विचारलं, कशाला? "अरे, चुकून बोट लागलं तर चुकांसकट जाईल. पत्ता शेवटी घालायचा." मग त्यांनी मेलची छापील प्रत मागवली. पडद्यावर त्यांना अनुस्वार दिसतात, पण पटत नाहीत.

मजकूर असा होता :

विषय : राजिनामा देणेबाबत. माननिय सर, मी गेली साडेतिन वर्षे आपल्या संस्थेत ईमानाने काम केल. आपण मला खूप शिकवलत, विशेषतः धीर धरायला. पगारवाढीच्या आश्वासनावर विश्वास ठेऊन तीन दिवाळ्या काढल्या. आता राजिनामा देवून मोकळा होत आहे. माझा शेवटचा दिवस ३१ एप्रिल. यावर पुर्नविचार होणार नाही. क्रुपया फोन करु नये.

काकांनी पट्टी ठेवली आणि शेवटच्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. "नये. करु. फोन. क्रुपया." मुलगा माझ्याकडे पाहू लागला. ही त्यांची पहिली फेरी. सरळ वाचलं की माणूस अर्थाच्या मागे जातो आणि डोळा पुढचं अक्षर न पाहताच वाचून टाकतो. उलटं वाचलं की प्रत्येक शब्द एकटा सापडतो. "शिवाय," काका म्हणाले, "मला तुमच्या भांडणात पडायचं नसतं." दुसरी फेरी सरळ, वाक्याच्या जोडणीसाठी. तिसरी मोठ्याने, पण राजीनाम्याच्या बाबतीत ती पुटपुटत, कारण सरांच्या केबिनचं दार लाकडी असलं तरी पातळ आहे.

पहिल्या फेरीत बारा चुका निघाल्या. राजीनामा, माननीय, साडेतीन यांच्या वेलांट्या पहिल्या झाल्या होत्या, त्या दुसऱ्या झाल्या. ईमानाचं इमान झालं. "करु"चा उकार लांबला, कारण मराठीत शब्दाच्या शेवटी आलेला उकार दीर्घ. "क्रुपया"चा कृ झाला. मग काका रंगात आले ते "ठेऊन" आणि "देवून"पाशी.

"दोन्ही चुकलेत, आणि गंमत बघ, एकमेकांचे कपडे घालून चुकलेत," ते म्हणाले. "धातू बघायचा. ठेव. यात व आहे, म्हणून ठेवून. दे. यात व कुठाय? मग देऊन. विश्वास ठेवायचा तो व घालून, आणि राजीनामा द्यायचा तो व न घालता."

मुलाने मान डोलावली. राजीनामा द्यायला आलेल्या माणसाला धातू शिकवला जातोय, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नसावं.

पुढे आला "पुर्नविचार". ही काकांची जुनी वैरीण चूक. "मूळ शब्द पुनर्. त्यातला र् बोलताना वि-च्या आधी येतो, म्हणून रफार बसणार वि-च्या डोक्यावर. पुनर्विचार. तू तो न-च्या डोक्यावर बसवलास. आता सर उद्या म्हणतील की पुर्नविचार नावाचा विचारच मराठीत नाही, तेव्हा तो न करण्याला काही अर्थ नाही. एवढं ठाम वाक्य, आणि रफारावरून घसरणार."

इथपर्यंत सगळं सोपं होतं. खरा पेच "काम केल" इथे होता. अनुस्वार राहून गेलाय, की मात्रा? "केलं" की "केले"? नियम सांगतो की बोलणं जसंच्या तसं देताना अनुस्वार चालतो, एरवी "केले" लिहावं. औपचारिक पत्र, म्हणजे "केले"च. काकांनी पेन टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. मग खाली "शिकवलत" पाहिलं. तेही "शिकवलेत" करावं लागलं असतं. "आपण मला खूप शिकवलेत, विशेषतः धीर धरायला." त्यांनी ते पुटपुटून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे तुझ्यासारखं वाटत नाही. हे निरोप समारंभातलं भाषण झालं. तू चिडून बोलतो आहेस, तेव्हा बोललास तसंच राहू दे." आणि त्यांनी दोन्ही ठिकाणी फक्त टिंबं दिली. केलं. शिकवलंत. आयुष्यभर अठरा नियम सांभाळलेल्या माणसाने एका पोराच्या रागासाठी एक नियम जरा बाजूला सरकवला. त्यांना त्याचा त्रास झाला असणार, कारण त्यानंतर त्यांनी चष्मा काढून दोनदा पुसला.

शेवटी उरली तारीख. काकांनी "३१ एप्रिल"भोवती गोल काढला आणि समासात प्रश्नचिन्ह घातलं. मुद्रितशोधकाच्या भाषेत याचा अर्थ : चूक दिसते आहे, पण ती दुरुस्त करायचा अधिकार माझा नाही, लेखकाला विचारा.

"एप्रिल तीसच दिवसांचा," मी म्हटलं. "३० करा की."

"तू कोण?" काका माझ्याकडे वळले. "नेमणूकपत्रात महिन्याची आगाऊ सूचना आहे. आज ३१ मार्च, म्हणून याने बोटं न मोजता ३१ एप्रिल लिहिलं. आता याला ३० म्हणायचंय की पुढचा दिवस म्हणायचाय, हे मला काय माहीत? पुढचा दिवस १ मे. महाराष्ट्र दिन, कचेरी बंद. त्या दिवशी हा काम कोणाकडे सोपवणार, दाराच्या कुलपाकडे? ३० म्हटलं तर महिना भरला की नाही यावर अण्णा वाद घालतील. वेलांटी माझी. तारीख त्याची."

मुलगा गप्प झाला. राग, दिवाळ्या, पगारवाढ हे सगळं त्याने मनात शंभरदा घोळवलं होतं. नेमक्या कुठल्या दिवशी संध्याकाळी तो आपला डबा उचलून जिना उतरणार, हे त्याने बहुधा पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आणलं. मग म्हणाला, "३० करा काका."

"मी नाही करणार," काका म्हणाले आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "तू कर."

त्याने आकडा बदलला. बाकीच्या बारा दुरुस्त्या काकांच्या प्रतीवरून एकेक करत चढवल्या. काकांनी नवी प्रत मागवून जुनीशी ताडून पाहिली, कारण दुरुस्त्या चढवतानाच नव्या चुका होतात हा त्यांचा छापखान्यातला अनुभव. मग पत्ता घातला गेला. मेल गेली.

सकाळी सरांचं उत्तर आलं. मुलाने ते काकांसमोर धरलं : "आपला राजिनामा मिळाला. पुर्नविचार करावा, ही विनंती. पगाराबाबत समक्ष बोलु."

काकांचा हात लाल पेनाकडे गेला. मी मोजलं, तीन चुका होत्या. हात तिथपर्यंत जाऊन थांबला आणि परत आला. "हे आपल्याकडे तपासायला आलेलं नाही," ते म्हणाले आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

मुलगा हसला. "बघा ना काका. पुनर्विचार होणार नाही असं स्पष्ट लिहिलं होतं की आपण."

काकांनी बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं. मांडणी विभागात त्या मुलाइतकं ओळींमधलं अंतर दुसऱ्या कोणाला जमत नाही, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्याला कधीच नाही.

"लिहिलंस," ते म्हणाले. "पण तू नाही म्हणालास ते पुनर्विचाराला. हे म्हणतायत पुर्नविचार. त्याबद्दल तुझ्या पत्रात काहीच नाही."

आणि लगेच, कोणी ऐकलं तर नाही ना असं पाहत, त्यांनी पट्टी उचलली आणि सातवीच्या भूगोलाचं प्रूफ शेवटच्या शब्दापासून वाचायला घेतलं.