पुलावरचा ट्रॅक्टर

सर्पदंशावरच्या बारा मिनिटांच्या जनजागृतीपटाची पटकथा मी लिहिली, तेव्हा संस्थेनं बजेट सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. लेखकानं पैशाचं विचारू नये, असा माझा एक समज आहे. माझं मानधन ठरवणाऱ्यांनी तो आजवर प्रेमानं जपलाय. मग काय, लेखणी मोकाट सुटली. मध्यरात्र. धो धो पाऊस. खऱ्याखुऱ्या मण्यारीचा पोराला दंश. मांत्रिकाच्या अंगणात टेंभे घेतलेलं अर्धं गाव. आणि शेवटी पुलावरून पाणी वाहत असताना पोराला घेऊन निघालेला ट्रॅक्टर! हा सीन मी बायकोला साभिनय वाचून दाखवला होता. ट्रॅक्टरचा आवाजही मीच काढला होता.

मग फोन आला. पाच लाखांचे दोन लाख झाले होते. "मेसेज तेवढा तसाच ठेवा," असं वर सांगण्यात आलं.

आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरनं पटकथा मागवून घेतली. हा गृहस्थ संवाद वाचतच नाही, फक्त सीनचं डोकं वाचतो: आतील की बाहेरील, दिवस की रात्र. 'बाहेरील, रात्र, पाऊस' दिसलं की लाल पेन्सिल. बाहेरची रात्र म्हणजे जनरेटर आणि मोठे दिवे. पाऊस म्हणजे पाण्याचे टँकर, कारण खरा पाऊस कॅमेऱ्यात धड दिसत नाही. त्याला मागून प्रकाश मारावा लागतो. शिवाय प्रत्येक टेकला कोरडे कपडे हवेत, म्हणजे एकाच शर्टाचे चार नग. जागा बदलली की अर्धा दिवस सामान हलवण्यात जातो. अर्ध्या गावाला तर नुसतं जेवू घालायलाच माझं मानधन पुरलं नसतं. पुलापाशी त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी सापापासून सुरुवात केली, कारण सापाचाच मोह सगळ्यात कमी होता. प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाची आधी परवानगी घ्यावी लागते, सर्पमित्र लागतो, आणि इतकं करून मण्यार दिग्दर्शकाचं ऐकेलच असं नाही. मग डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही कित्येकदा दिसत नाही. म्हणजे मी लिहिलेली पोराची ती किंकाळी वैद्यकीयदृष्ट्याच खोटी होती! नव्या सीनमध्ये पहाटे पोरगं म्हणतं, "आई, पोटात दुखतंय." आई म्हणते, "रात्री काय खाल्लंस?" थोड्या वेळानं ती त्याला हाक मारते, तर त्याला पापण्या उचलता येत नाहीत, बोलणं अडखळतंय. खर्च: एक खोली, दोन नट, दोन पापण्या. साप मुळात नाहीच, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते.

मांत्रिकाचं अंगणही गेलं. त्याऐवजी त्याचा नुसता आवाज ओसरीवरून येतो आणि कॅमेरा आत पोराच्या चेहऱ्यावरच राहतो. हा सीन मी मूळच्यासारखा अंधारातलाच ठेवला, पण खिडक्यांना काळं कापड ठोकून दुपारी दोनला घेता येईल असा.

आता ट्रॅक्टर. त्याच्या जागी मी फोन घातला. बाप दवाखान्यात फोन लावतो, डॉक्टर म्हणतात "लगेच आणा", आणि पुढच्याच शॉटला पोरगं अंगणात खेळतंय. स्वस्त, सुटसुटीत, मी स्वतःवर बेहद्द खूश. शूटिंगआधी गावातल्या आशाताईंच्या घरी चार बायाबापड्यांसमोर वाचन ठेवलं. वाचून झाल्यावर एक आजोबा म्हणाले, "बरं झालं. डॉक्टरला फोन केला की उतरतंय म्हणायचं!"

मी पाणी मागितलं. गोष्ट शाबूत होती, मेसेज तेवढा गेला होता. प्रत्येक सीन बघून माणूस उद्या काय करेल, हे एका ओळीत लिहून काढायला मॅनेजरनं मला त्या दिवशी बसवलं. ट्रॅक्टरच्या सीनचं उत्तर 'पोराला दवाखान्यात नेईल' असं होतं. त्यात पूल नव्हता, पाऊस नव्हता. दवाखाना होता, आणि मी नेमका तोच कापला होता. मग आशाताईंच्याच घराचा एक कोपरा, लोखंडी खाट, पांढरी चादर आणि स्टँडला लावलेली बाटली. प्रतिविष शिरेतूनच द्यावं लागतं, म्हणून वाचलेले पैसे या बाटलीच्या सीनवर घालायचे आणि तो घाई न करता घ्यायचा, असं ठरलं. प्रवासासाठी भिंतीवरून सरकणारा हेडलाइटचा उजेड आणि ट्रॅक्टरचा आवाज. तमाशात रंगमंचाला फेरी मारली की गाव बदलतं, आणि 'मॉन्टी पायथन'वाल्यांनी 1975 साली घोडे परवडेनात म्हणून नारळाच्या करवंट्या वाजवून राजाला दौडवलं, तिथे माझ्या ट्रॅक्टरचं काय घेऊन बसलात!

दुसऱ्या वाचनाला त्याच आजोबांनी विचारलं, "ही बाटली आपल्या सरकारी दवाखान्यात असती का?" मेसेज पोचला होता.

वाहता पूल, टेंभे आणि ट्रॅक्टर यांचा तो सीन मी जपून ठेवलाय. कुणा निर्मात्याला हवा असल्यास कळवावं. टँकर आणि अर्ध्या गावाचं जेवण त्याच्याकडे.