नेतृत्व : लाल टॅग

मी क्वालिटी विभागातला माणूस. दुसऱ्याच्या मालाला लाल टॅग लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे पुण्याजवळच्या एका कंपनीत सहायक व्यवस्थापकाच्या जागेसाठी मुलाखत दिल्यावर मलाच लाल टॅग लागला, तेव्हा आमच्या प्रॉडक्शनवाल्यांना जगात न्याय आहे असं वाटलं. मेल सभ्य होता. तांत्रिक ज्ञान उत्तम, बोलणं स्पष्ट, ‘मात्र नेतृत्वाचा अनुभव अपेक्षेपेक्षा कमी वाटला’.

मुलाखतीत मला विचारलं होतं, “तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत?” मी म्हणालो, “हाताखाली तसं कुणी नाही, पण माझ्या सहीशिवाय मालाची गाडी गेटबाहेर पडत नाही.” समोरच्या बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. मी ते कौतुक समजलो.

त्या रात्री मी उत्तर लिहायला बसलो. पहिला मसुदा बाणेदार होता. त्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्याचं, गणेशोत्सवात वर्गणीचा हिशेब एकट्यानं लावल्याचं आणि मेहुणीच्या लग्नात दोन्हीकडच्या वऱ्हाडाला वेळेवर पंगतीला बसवल्याचं सविस्तर नमूद केलं होतं. शेवटी ‘नेतृत्व हाताखालच्या डोक्यांवर मोजायचं नसतं’ असा टोलाही होता. बायकोनं तो मोठ्यांदा वाचला आणि म्हणाली, “अहो, त्या सोसायटीत तुम्हाला सेक्रेटरी केलं, कारण त्या मीटिंगला तुम्ही गेला नव्हतात.”

मग दुसरा मसुदा. ‘कळवल्याबद्दल आभार. आपल्याला योग्य उमेदवार मिळो.’ बस्स. मला तो फार भारदस्त वाटला. बायको म्हणाली, “ह्यात तुम्ही जेवणावर रुसून बसलेले दिसता.” मी खरोखरच तोवर जेवलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी टूलरूममधल्या मामांना हे सांगितलं. मामांनी व्हर्नियर पुसून ठेवला आणि विचारलं, “साहेब, कस्टमरची तक्रार आली की तुम्ही आम्हाला काय सांगता?” मी पाठ असलेलं बोलून गेलो: कस्टमरशी वाद घालायचा नाही, तोंड फुगवायचं नाही, 8डी भरायचा. “मग भरा की,” मामा म्हणाले.

8डी म्हणजे तक्रारीचं निवारण करण्याची आठ पायऱ्यांची पद्धत. वाहन उद्योगात ती सगळ्यांना येते आणि कुणालाच आवडत नाही. तिची तिसरी पायरी म्हणजे कंटेनमेंट. मूळ कारण सापडायच्या आधी संशयित माल जिथं असेल तिथं अडवायचा, म्हणजे आणखी नुकसान होत नाही. माझा संशयित माल म्हणजे ते दोन मसुदे. दोन्ही अडवले.

चौथी पायरी मूळ कारणाची, आणि खरी मेख तिथं आहे. तिथं दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: दोष निर्माण का झाला, आणि तो तपासणीत पकडला का गेला नाही? आमच्याकडे एकदा ॲल्युमिनियमची हाउसिंग गळत असल्याची तक्रार आली होती. डायमधून हवा बाहेर जायच्या वाटा बुजल्या होत्या, म्हणून धातूत हवेची छिद्रं राहिली. हे झालं दोषाचं कारण. पण लीक टेस्टनं ते तुकडे पास का केले? शिफ्टच्या सुरुवातीला मुद्दाम गळका ठेवलेला मास्टर तुकडा लावून ते मशीन तपासायचं असतं. ते तपासलंच नव्हतं. एकच कारण सापडल्यावर थांबलो असतो, तर तक्रार परत आली असती.

हेच दोन प्रश्न मी त्या मेलला लावले. अनुभव मुळात नाही, की आहे पण दिसला नाही? उत्तर निघालं : थोडं हे, थोडं ते. मी कुणाची रजा मंजूर केलेली नाही, कुणाचं अप्रेझल लिहिलेलं नाही, कुणाला नोकरीवर घेतलेलं नाही. ते नाहीच. पण त्या गळतीच्या प्रकरणात डायकास्टिंग, टूलरूम, मेंटेनन्स आणि पर्चेस या चार खात्यांच्या माणसांना मीच एका टेबलाशी बसवलं होतं. त्यांतला एकही माझं ऐकायला बांधील नव्हता. मुलाखतीत हे प्रकरण मी सांगितलं होतं, पण अर्धा वेळ छिद्रांचं शास्त्र समजावण्यात घालवला. मुलाखत घेणाऱ्यांकडे गुणांचा तक्ता असतो आणि ‘नेतृत्व’ या रकान्यात लिहायला त्यांना प्रसंग लागतो. मी त्यांना छिद्रं दिली.

आता पत्र सोपं झालं. लिहिलं इंग्रजीत; मराठीत ते असं होतं:

‘अभिप्राय स्पष्टपणे कळवल्याबद्दल आभार. तो मला पटतो : माणसांची थेट जबाबदारी, म्हणजे रजा, मूल्यमापन, निवड, मी अजून सांभाळलेली नाही. मुलाखतीत सांगितलेल्या गळतीच्या प्रकरणात चार खात्यांच्या टीमचं काम मी चालवलं होतं, हे मी नीट मांडलं नाही. निर्णय बदलावा म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहितो. एकच विचारायचं आहे : या पदासाठी आपल्याला थेट हाताखालची माणसं सांभाळल्याचा अनुभव हवा होता, की अनेक खात्यांकडून काम करून घेतल्याचा? त्यावरून मला पुढची तयारी ठरवता येईल.’

यात आभार आहेत, पण लोटांगण नाही. उणीव आधी मान्य केली आहे, आणि तीही नेमकी, कारण ‘मला अजून खूप शिकायचं आहे’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. नवी माहिती एकाच वाक्यात आहे. दुसरं वाक्य जोडलं की तिचा युक्तिवाद होतो. ‘निर्णय बदलावा म्हणून नव्हे’ हे लिहायला मला सर्वांत जड गेलं, पण त्यामुळेच समोरच्याला बचाव करावा लागत नाही. आणि प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. ‘मी कुठे कमी पडलो?’ असं विचारलं असतं, तर कुणी निबंध लिहीत बसलं नसतं. सोसायटीचा उल्लेख बायकोनं काढायला लावला.

उत्तर आलं, दोन ओळींचं. या जागेवर शिफ्टची माणसं थेट सांभाळायची होती. खात्यांच्या समन्वयाचा अनुभव चांगला, पण इथं पुरेसा नाही. म्हणजे माझं चार खात्यांचं वाक्य त्यांनी वाचलं, मानलं, आणि तरीही नकार बरोबरच होता. नोकरी मिळाली नाही. अशा पत्रानं ती सहसा मिळत नाही, आणि उत्तरही दर वेळी येतंच असं नाही.

पण काय कमी आहे ते नक्की कळलं, म्हणून मी आमच्या साहेबांकडे जाऊन दोन डिप्लोमा ट्रेनी मागून घेतले. त्यांची रजा, हजेरी आणि सहामाही मूल्यमापन माझ्या सहीनं. पहिल्याच आठवड्यात दोघांनी एकाच दिवशी रजा मागितली. नेता उदार असावा म्हणून मी दोघांनाही दिली. त्या दिवशी लीक टेस्टच्या मशीनवर दिवसभर मी स्वतः उभा होतो, आणि प्रॉडक्शनवाले मुद्दाम चहा घेऊन बघायला येत होते. पुढच्या मुलाखतीत नेतृत्वाचा प्रसंग विचारला, तर सांगायला हा आहे, आणि त्यात छिद्रं नाहीत.

तुम्हालाही असा मेल आलाच, तर तिन्ही मसुदे खुशाल लिहा. मनातलं बाहेर पडलेलं बरं. फक्त पत्त्याचा रकाना रिकामा ठेवा आणि तिसरा लिहून झाल्यावरच भरा.