दादानेही, ताईसुद्धा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पार पडलं आणि घरच्या ग्रुपवर आभाराचा मेसेज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, एवढीच माझी पात्रता. मी पाच मिनिटांत मजकूर तयार केला:

'आईचं ऑपरेशन छान झालं. धाकट्याने दहा दिवस दवाखान्यात राहून आईची मनापासून सेवा केली. दादानेही पैसे पाठवले. ताईसुद्धा दोन दिवस येऊन गेली. सर्वांचे आभार.'

ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडली तर सांगा. बायकोने चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "पाठवलात?"

"अजून नाही."

"देव पावला."

मग तिने एकेका शब्दावर बोट ठेवलं. 'दादानेही' मधला 'ही' आधी. म्हणजे मुख्य काम दुसऱ्याने केलं, दादा मागच्या रांगेतला. 'ताईसुद्धा' त्याहून वाईट, कारण 'सुद्धा' आपण लावतो तो ज्याची अपेक्षा नव्हती त्याला. पावसाळ्यातसुद्धा नळाला पाणी नाही, तसं. आणि 'येऊन गेली'? येऊन पाहुणे जातात. ताई आईची मुलगी आहे. शिवाय 'मनापासून' फक्त धाकट्याला. पंगतीत एकाच्याच पानावर तूप वाढल्यासारखं.

यात कुणाला कमी लेखायचं माझ्या मनातही नव्हतं, हे मी शपथेवर सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या मनात काय होतं ते ग्रुपवर दिसत नाही. तिथे 'सुद्धा' दिसतं."

तिची परीक्षा सोपी आहे. वाक्य तेच ठेवायचं आणि नावं अदलाबदल करायची. 'धाकटासुद्धा दवाखान्यात येऊन गेला.' दहा रात्री खुर्चीत झोपलेल्या माणसाबद्दल हे वाचल्यावर माझाच चेहरा पडला. जे वाक्य एकाला लागतं ते दुसऱ्याला लागणार नाही असं धरून चालायचं नाही.

मी तूप सगळ्यांना वाढायचं ठरवलं. धाकट्याने मनापासून सेवा केली, दादाने उदारपणे पैसे पाठवले, ताईने प्रेमाने विचारपूस केली. बायकोने कपाळाला हात लावला. "म्हणजे दादांनी मनापासून दिले नाहीत? आणि आईच्या ऑपरेशनला मुलाने पैसे दिले तर त्याला उदारपणा म्हणतात का हो? उदार देणगीदार असतो, त्याची फरशी देवळाच्या पायरीला बसवतात." तिघांना तीन विशेषणं वाटली की जो गुण एकाला दिला तो उरलेल्या दोघांकडून काढून घेतल्यासारखा होतो. विशेषणं सगळी गेली.

पुढे आकडे. 'दहा दिवस' आणि 'दोन दिवस' एका मजकुरात शेजारी बसले की वजाबाकी वाचणारा आपोआप करतो. तेही गेले. क्रम वयाने लावू म्हटलं, तर रात्री जागलेला शेवटी जातो. कष्टाने लावला, तर निकालच लागतो. शेवटी घटना घडल्या तसा लावला: ताईने डॉक्टर शोधले, दादाने दवाखान्याचं बिल भरलं, धाकटा रात्री आईजवळ राहिला. काम आणि करणारा, एवढंच. तारेसारखा कोरडा मजकूर, पण कुणाच्या पायाला ठेच लागत नव्हती.

'तिघांनी सारखंच केलं' असंही मी एकदा लिहून पाहिलं. ते मात्र मीच खोडलं, कारण ते खोटं होतं. धाकट्याने जास्त केलं होतं, आणि सगळ्यांना एका मापात तोलणं हा त्याच्यावर अन्याय होता. मग करायचं काय? बायको म्हणाली, "त्याला फोन करा आणि हवं तेवढं कौतुक करा. तुलना एकतीस जणांसमोर होते, फोनवर होत नाही." मी फोन केला. तो गहिवरला. मीही.

त्या गहिवरातच घोटाळा झाला. मेसेज पाठवताना मी शेवटी एक ओळ स्वतःच्या अकलेने जोडली, तपासायला न देता: 'आई आता धाकट्याकडेच राहणार आहे.' मला म्हणायचं होतं की लगेच प्रवास नको. तीन मिनिटांत ताईचं उत्तर आलं: 'धाकट्याकडेच?'

तीस वर्षांत 'च' इतका मोठा कधी दिसला नव्हता. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो, हे भाच्याने शिकवलं होतं. मी 'च' काढला. पण दुरुस्तीनंतर मेसेजखाली Edited असा शिक्का बसतो, आणि खाली ताईचा 'च' तसाच होता, आता बिनआधाराचा. ज्यांनी आधी वाचलं नव्हतं ते विचारू लागले, "आधी काय होतं?" दादाने स्क्रीनशॉट टाकला.

आई सध्या नाशिकला ताईकडे आहे.