दम बघून ओळ

मामा कुणाचेच मामा नाहीत. इस्लापुरात त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं सातबाऱ्याच्या प्रती निघतात, परीक्षेचे फॉर्म भरले जातात, आणि 15 ऑगस्ट, 17 सप्टेंबर, 26 जानेवारी जवळ आली की भाषणं तोडून मिळतात. 'तोडून' हा मामांचाच शब्द. भाषण तुम्ही लिहून आणायचं. मामा ते तुमच्या फोनवर तुमच्या दमाप्रमाणं ओळीओळीनं तोडून देतात. पैसे घेत नाहीत. त्याऐवजी बोलून घेतात.

मागच्या वर्षी मी 17 सप्टेंबरचं भाषण घेऊन गेलो. शाळेत ध्वजवंदनानंतर तीन मिनिटं बोलायचं होतं. मी मास्तर असल्यामुळं एक वाक्य चांगलं नटवून लिहिलं होतं: "निजामाच्या जोखडातून मराठवाडा मुक्त व्हावा यासाठी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या हजारो स्त्री-पुरुषांच्या त्यागामुळे 17 सप्टेंबर 1948 रोजी आपल्याला स्वातंत्र्य मिळाले."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "मास्तर, हे तर सहस्रकुंड झालं. वरून पडलं की मधी थांबायला जागाच न्हाई."

सहस्रकुंडचा धबधबा आमच्याजवळच आहे, त्यामुळं ही शिवी गावात सगळ्यांना लगेच कळते.

मग त्यांनी मला दुकानात उभं केलं आणि वाचायला लावलं. उभं राहूनच, कारण बसलेल्या माणसाचा दम वेगळा आणि उभ्याचा वेगळा, असं त्यांचं म्हणणं. झेरॉक्स काढायला आलेली दोन माणसं श्रोते झाली. मी 'नेतृत्वाखाली'पर्यंत पोहोचलो तेव्हा मामांनी बोट वर केलं आणि त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला.

"वाचूलालाव का बोलूलालाव?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. सरपंचांना, बचत गटाच्या ताईंना, निरोप समारंभाला बोलणाऱ्या दहावीच्या पोरालाही. उत्तर अपेक्षित नसतं. माणूस ओशाळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि या वेळी मामा कागदावर पेन्सिलीनं रेघा मारत जातात. जिथं त्याचा श्वास तुटतो तिथं उभी रेघ. दोनदा वाचून घेतल्यावर ज्या जागी दोन्ही वेळा रेघ आली, ती खरी. एकदाच आली असेल तर तो घाबरला होता, असं समजायचं.

ही विद्या मामांनी सप्त्यात कमावली. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला ते व्यासपीठ चालवतात. समोर पन्नास वाचक, प्रत्येकाची छाती वेगळी, तरी सगळ्यांनी एकाच जागी श्वास घ्यायचा. "ओवी साडेतीन चरणांचीच का?" ते विचारतात आणि आपणच उत्तर देतात, "कारण चौथ्या चरणाला दम संपलेला असतोय." हे संशोधन कुठल्या ग्रंथात नाही, पण पारायणाला बसलेला माणूस ते खोडूनही काढणार नाही.

माझ्या वाक्याची खरी गोम मामांनी नंतर सांगितली. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ऐकणारा तोवर लोंबकळत राहतो आणि बोलणाऱ्याचा श्वास त्याच्या आधी संपतो. त्यात फोन आपल्या मर्जीनं ओळ तोडतो. अक्षर उन्हात दिसेल एवढं मोठं केलं की एका ओळीत चार-पाच शब्द बसतात, उरलेले खाली पडतात. माझ्या फोनवर 'स्वामी रामानंद' वर राहिले होते आणि 'तीर्थ' खाली. 'आहे' एकटं खाली पडलं तर आणखी वाईट. माणूस वाक्य संपलं म्हणून आवाज खाली उतरवतो, आणि मग उचकी लागल्यासारखा म्हणतो, "आहे."

म्हणून नुसत्या ओळी तोडून भागत नाही, वाक्यच तोडावं लागतं. अर्ध्या तासानं माझ्या फोनवर हे उमटलं:

देश स्वतंत्र झाला.
मराठवाडा झाला नव्हता.

इथं अजून
निजामाचं राज्य होतं.

स्वामी रामानंद तीर्थ
पुढं होते.
त्यांच्या मागं
हजारो बाया-माणसं होती.

सतरा सप्टेंबर
एकोणीसशे अठ्ठेचाळीस.

त्या दिवशी
आपण मोकळे झालो.

साल अक्षरात, कारण आकडा दिसला की भल्याभल्यांची जीभ 'एक हजार नऊशे'कडं वळते. ओळ संपली की छोटा श्वास, कोरी ओळ आली की मोठा, आणि त्याच वेळी मान वर करून लोकांकडं बघायचं. पूर्वी मामा अशा जागी कंसात 'थांबा' लिहीत. एका पाहुण्यांनी भर सभेत "बंधू-भगिनींनो थांबा" असं खणखणीत म्हटलं, आणि मागं उठून चाललेली माणसं खरंच पुन्हा बसली. तेव्हापासून थांबायची खूण म्हणजे कोरी ओळ, शब्द नाही.

मामांची सगळ्यात कडक नजर मात्र 'नाही'वर असते. एका पुढाऱ्यांचं वाक्य होतं, "पाच वर्षांत आम्ही काही केलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही." ते मामांकडं न येता परस्पर माइकवर गेले. फोनचा पडदा पहिल्या 'नाही'वर संपत होता. त्यांनी तिथपर्यंत ठासून म्हटलं आणि अंगठ्यानं पुढचा मजकूर शोधू लागले. तेवढ्यात टाळ्या पडल्या, आणि त्या मनापासून होत्या. मामा ही गोष्ट सांगताना हसत नाहीत. "पडद्याच्या तळाला पुरं वाक्य पाह्यजे," एवढंच म्हणतात. मोठ्या सभांतल्या टेलिप्रॉम्प्टरला तिरकी काच असते, तिच्यात अक्षरं उमटतात, आणि वक्त्याच्या चालीनं मजकूर सरकवायला वेगळा माणूस बसलेला असतो. "तुमच्यापाशी तुमचा आंगठा हाय," मामा म्हणतात, "आन् त्यो बी थरथरूलालाय."

मी एकदा त्यांना सांगितलं की चर्चिलसाहेबांच्या भाषणांचे कागदही असेच तुटक ओळींत, स्तोत्रासारखे टंकलेले असत. मामांना आनंद झाला नाही. "त्यांचा दम कोण मोजला?" एवढंच विचारलं.

खोड जिरत नाही ती नाहीच. मामींना त्यांचे व्हॉट्सॲप निरोपही तसेच येतात. 'येताना' एक ओळ, 'अर्धा किलो' दुसरी, 'मेथी' तिसरी. मामी म्हणतात, "मेथीपर्यंत वाचूस्तोवर दुकान बंद होतंय." आणि गंमत म्हणजे मामा स्वतः बोलायला लागले की पूर्णविराम नावाची वस्तू त्यांच्या गावी नसते. गेल्या सप्त्यात आभार मानायला उभे राहिले, ते मंडपवाल्याच्या आजोबांपर्यंत गेले. मी मागून हळूच म्हटलं, "मामा, सहस्रकुंड." त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि पुढं चालू केलं.

यंदा 17 सप्टेंबरला तुमचं भाषण असेल तर मजकूर चार दिवस आधी नेऊन द्या. फोन स्वतःचा न्या, कारण दुसऱ्याच्या फोनवर ओळी वेगळ्या पडतात. पडदा दहा मिनिटं विझणार नाही असं करून ठेवा, फोन आडवा केला तरी अक्षरं आडवी होणार नाहीत हे बघा, आणि माइकपाशी जाताना विमानाच्या चित्रावर बोट ठेवून त्याची रेंज बंद करा. नाहीतर ऐन भाषणात घरून फोन येतो, मेथी कुठवर आली म्हणून.