कोपरा रिकामा का?

‘सात चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष’ असं लिहिलेलं दिसलं की आपण वाद थांबवतो. एका चाचणीवर शंका घ्यायची हिंमत होते. सात एकत्र आल्या की डॉक्टरसुद्धा मान डोलावतात. माझा आक्षेप नेमका इथं आहे. एकत्र आलेल्या त्या सात म्हणजे झालेल्या चाचण्या नव्हेत, छापून आलेल्या चाचण्या. या दोन गोष्टींत किती अंतर पडू शकतं, हे हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून दिल्या जाणाऱ्या मॅग्नेशियमनं दाखवून दिलं आहे. वैद्यकातलं संशोधन वाचणाऱ्या प्रत्येकानं ही हकीकत पाठ करावी.

1991 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मेटा-अॅनालिसिस आलं. सात छोट्या चाचण्या, मिळून 1301 रुग्ण. मॅग्नेशियम मिळालेल्या 657 जणांपैकी 25 दगावले, न मिळालेल्या 644 पैकी 53. म्हणजे मृत्यू निम्म्याहून कमी, तेही स्वस्त आणि कुठल्याही इस्पितळात सहज मिळणाऱ्या क्षारानं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या लेस्टरची 2316 रुग्णांची चाचणी आली. तिथंही मृत्यूचं प्रमाण 10.3 वरून 7.8 टक्क्यांवर उतरलं होतं. 1993 साली एका नावाजलेल्या नियतकालिकातल्या लेखानं या उपचाराला परिणामकारक, सुरक्षित, सोपा आणि स्वस्त असं प्रशस्तिपत्रही देऊन टाकलं.

मग 1995 साली ‘आयसिस-4’ या प्रचंड चाचणीचे आकडे आले. 58,050 रुग्ण. पाच आठवड्यांत मॅग्नेशियमच्या गटात 2216 मृत्यू, दुसऱ्या गटात 2103. टक्केवारीत 7.64 आणि 7.24. फायदा शून्य.

सात चाचण्यांच्या बेरजेनं सांगितलेला निम्म्याचा फरक गेला कुठं? उत्तरासाठी एका छोट्या चाचणीच्या आत शिरू या. समजा, औषधाचा काहीच उपयोग नाही. दोन्ही गटांत 50-50 रुग्ण घेतले आणि मृत्यूचं प्रमाण आठ टक्के धरलं, तर दोन्हीकडे चार-चार मृत्यू अपेक्षित आहेत. पण एवढ्या थोड्या माणसांत निव्वळ योगायोगानं एका इस्पितळात औषधाच्या गटात 2 आणि दुसऱ्या गटात 6 मृत्यू होतील; दुसऱ्या इस्पितळात बरोबर उलट, 6 आणि 2. पहिल्या ठिकाणचा डॉक्टर उत्साहानं निबंध लिहील. दुसरा म्हणेल, आपली चाचणीच लहान होती, काहीतरी चुकलं असेल, आणि कागद कपाटात ठेवून देईल. तिसरीकडे 4 आणि 4 आले, तर त्यात छापण्यासारखं काय आहे, असं संपादकच विचारतील. इथं कोणीही खोटं बोललेलं नाही. तरीही छापील निबंध तेवढे गोळा करून बेरीज मांडणाऱ्याला औषध जीव वाचवताना दिसेल. मोठ्या चाचणीचं असं होत नाही. हजारो रुग्ण, शेकडो इस्पितळं आणि भरपूर पैसा गुंतलेला असतो; निकाल कसाही येवो, तो दडपणं अवघड जातं.

हा पक्षपात डोळ्यांना दिसावा म्हणून फनेल प्लॉट काढतात. प्रत्येक चाचणी म्हणजे एक ठिपका. आडव्या अक्षावर औषधाचा परिणाम, डावीकडे फायदा आणि उजवीकडे तोटा. उभ्या अक्षावर चाचणीची अचूकता. मोठ्या चाचण्या वर, छोट्या खाली. मोठ्यांचे ठिपके खऱ्या उत्तराच्या आसपास दाटीनं बसतात. छोट्या योगायोगानं दोन्ही बाजूंना विखुरतात, म्हणून सगळं मिळून उपडं ठेवलेलं नसराळं दिसायला हवं. खाली उजवा कोपरा रिकामा असेल, तर ‘उपयोग झाला नाही’ सांगणाऱ्या छोट्या चाचण्या कुठं गेल्या, हे विचारायला हवं. मथियास एगर आणि जॉर्ज डेव्ही स्मिथ यांनी 1995 साली मॅग्नेशियमची आकृती काढून हेच दाखवलं. 1997 मध्ये त्यांनी आणखी तपासलं: जिथं मेटा-अॅनालिसिस आणि नंतरची मोठी चाचणी यांचं पटलं नव्हतं अशा चारपैकी तीन ठिकाणी आकृती एका बाजूला कललेली होती, जिथं पटलं होतं, तिथं एकाही ठिकाणी नाही.

आता या आकृतीची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी, कारण तिचाही बेफाम वापर होतो. दहापेक्षा कमी चाचण्या असतील तर कल खरा की योगायोगाचा, हे गणितानं ठरवता येत नाही. आणि कल खरा असला, तरी कारण दरवेळी न छापलेल्या निबंधांचंच असतं असं नाही. छोट्या चाचण्यांत कुणाला काय द्यायचं याची निवड ढिसाळ असू शकते. त्यांत जास्त आजारी रुग्ण घेतले असतील, तर फायदा खरोखरच मोठा असू शकतो. मॅग्नेशियमच्या समर्थकांनीही असाच मुद्दा काढला: ‘आयसिस-4’मध्ये औषध उशिरा दिलं गेलं. मुद्दा रास्त होता, म्हणून त्याचीही परीक्षा झाली. ‘मॅजिक’ नावाच्या चाचणीत जास्त धोका असलेल्या 6213 रुग्णांना झटक्याची लक्षणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत मॅग्नेशियम किंवा निष्क्रिय द्रव दिला. 2002 साली निकाल आला. तीस दिवसांत मृत्यू 15.3 टक्के आणि 15.2 टक्के.

सगळ्यात जास्त राग मला एका तिसऱ्याच गोष्टीचा येतो. ‘आयसिस-4’ बेरजेत घातल्यावरही ‘रँडम इफेक्ट्स’ या लोकप्रिय पद्धतीनं हिशेब केला, तर मॅग्नेशियम पुन्हा गुणकारी ठरतं! चाचण्यांचे निकाल आपसात जुळत नसले की ही पद्धत त्यांच्यातला फरक प्रत्येकीच्या अनिश्चिततेत मिळवते. त्यामुळे 58 हजारांच्या चाचणीचं वजन घटतं आणि शे-दोनशे रुग्णांच्या चाचण्यांचं त्या मानानं वाढतं. म्हणजे जिथं पक्षपाताची शक्यता सर्वाधिक, त्यांनाच जास्त मतं. संगणकातल्या प्रणालीत एक पर्याय निवडला की हे घडून जातं. निबंधात तो पर्याय ‘सावधगिरीचा’ म्हणून मिरवला जातो, आणि परीक्षक तो मान्य करतात. हे थांबायला हवं.

सुरू होण्याआधीच चाचणीची नोंद सक्तीची करणं हा खरा इलाज, कारण मग किती सुरू झाल्या आणि किती गायब झाल्या हे मोजता येतं. भारतात ‘सीटीआरआय’ ही नोंदवही 2007 साली उघडली, आणि 2009 पासून औषधांच्या चाचण्यांना तिथली नोंद बंधनकारक झाली. पण नोंद म्हणजे निकाल नव्हे. एम.डी.साठी चाचणी करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे: ‘फरक आढळला नाही’ असा निकाल आला तरी तो लिहा, पाठवा, एकानं नाकारला तर दुसरीकडे पाठवा. आणि वाचकहो, यापुढे ‘इतक्या अभ्यासांचा निष्कर्ष’ समोर आला की आधी त्यातली सर्वांत मोठी चाचणी शोधा आणि ती एकटी काय म्हणते ते वाचा.