पंचवीस नंबरचे काका

पौष-माघात सोलापूरच्या आसपास कुणाच्या तरी शेतावर हुरडा असतो, आणि आमच्या कंपूत हुरड्याला येणाऱ्यावर एक न लिहिलेली वर्गणी बसते. वर्षभरात झालेली आपली एक फजिती त्याने आणायची. गूळ, रेवड्या, शेंगाची चटणी यजमान पुरवतो. फजिती मात्र स्वतःच्या घरची लागते. काही जण ऐनवेळी जे आठवेल ते सांगतात. आमच्यातला एक मित्र मात्र सरकारी खात्यात आहे, त्यामुळे तो आधी टिपण काढतो. यंदा त्याने ते टिपण माझ्याकडे पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘जरा हसण्यासारखं करून दे.’

टिपण असं होतं:

‘सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चुकून दुसऱ्याच्या जागेवर झोपलो. ऑफिसच्या कामासाठी मुंबईला चाललो होतो. स्लीपरचा डबा. थंडी फार. माझी जागा 17. कुर्डुवाडीला चहाला उतरलो. चादर होती. एक म्हातारा घोरत होता, त्याला उठवलं. 25 नंबर त्याचा होता. कल्याणला बॅग सापडेना. आरडाओरडा केला. बॅग मिळाली. काका काहीतरी बोलले, सगळे हसले. नंतर काकांनीच चहा पाजला. पुढच्या वेळी नंबर बघूनच झोपणार.’

यात सगळं आहे, आणि हसू कुठेही नाही. हे टिपण वरिष्ठांकडे गेलं असतं तर नुसतं ‘पाहिले’ असा शेरा मारून परत आलं असतं.

पहिली अडचण पहिल्याच वाक्यात आहे. ‘चुकून दुसऱ्याच्या जागेवर झोपलो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला काम उरत नाही. फजितीच्या गोष्टीत सांगणारा त्या वेळी जितका आंधळा होता, तितकंच ऐकणाऱ्यालाही आंधळं ठेवावं लागतं. त्या रात्री मित्राला ती जागा आपलीच वाटत होती, म्हणून तो इतक्या तोऱ्यात बोलला. ऐकणाऱ्यालाही ती त्याचीच वाटली पाहिजे. तेव्हा ‘चुकून’ हा शब्द गेला, आणि 25 हा आकडा उचलून पार शेवटाजवळ ठेवला.

दुसरी अडचण चादरीची. टिपणात ती नुसतीच ‘होती’. खरं तर सगळा घोळ तिच्याच पोटात आहे. सोलापूरहून रात्री मुंबईला जाणारी गाडी, दिवस थंडीचे, स्लीपरला रेल्वेचं अंथरूण-पांघरूण मिळत नाही. अशा डब्यात माणूस काय पांघरतो? निम्म्या डब्यावर मोर नाहीतर फुलं. शिवाय सोलापुरी चादरीला दोन्ही अंगांनी नक्षी असते. उलटी पांघरली तरी ती ओळखीचीच वाटते. ही गोष्ट ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असायला हवी, नाहीतर शेवटी ‘त्याचं असं आहे की, सगळ्यांच्या चादरी सारख्या होत्या’ असा खुलासा जोडावा लागतो, आणि खुलाशानंतर हसतात ते भिडेखातर. पण ती मुद्दाम सांगतोय असंही वाटायला नको. म्हणून चादर थंडीच्या वाक्यात मिसळून टाकली. ऐकणारा तिला थंडीच्या खात्यावर टाकून पुढे जातो.

कुर्डुवाडीचा चहा मी आधी खोडणारच होतो. मग मित्राला फोन करून विचारलं, ‘चहा पिऊन चढलास तो कुठल्या दारानं?’ थोडा वेळ तो गप्प होता. गाडी हलली म्हणून तो डब्याच्या दुसऱ्या टोकाच्या दाराने चढला होता. आता हिशेब जुळला. स्लीपरमध्ये आठ-आठ जागांचा एक कप्पा. 17 ही खालची जागा, तशी पुढच्या कप्प्यातली 25 हीसुद्धा खालचीच. तो नेहमीच्या दाराने आला असता तर 17 आधी लागली असती, उलट्या बाजूने आल्यावर 25 आधी लागली. हे गणित मला कळायला हवं होतं, कारण ते पक्कं नसलं की सांगणारा त्या जागी अडखळतो. पण हुरड्याला आलेल्या माणसाला गणित नको असतं. त्याच्यासाठी ‘दुसऱ्या दाराने चढलो’ एवढंच पुरे.

तिसरी अडचण काकांची. ‘एक म्हातारा घोरत होता’ या वाक्यावर कुणीतरी हसेल, पण ते हसू चुकीच्या माणसाला लागेल. चि. वि. जोशींचा चिमणराव आठवा. तो आपली फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि सगळ्यांत वेडगळ तोच ठरतो. म्हणून तर आपण त्याला जीव लावतो. आमच्या गोष्टीत काकांचा दोष काहीच नव्हता. ते आपल्या जागेवर, आपल्या चादरीत झोपले होते. त्यांचं घोरणं काढून टाकलं आणि मित्राचा रुबाब वाढवला. माणूस जितक्या उंच घोड्यावर, तितकं पडणं बघण्यासारखं.

शेवटची अडचण ‘काका काहीतरी बोलले’ ही. जिथे सगळा डबा हसला, नेमकं तिथेच टिपण मुकं! मी मित्राला म्हटलं, बाकी सगळं मी जुळवीन, पण हे वाक्य मला रचता येणार नाही. ते शब्द जसेच्या तसे आठव. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. आणि मग गोष्ट अशी झाली:

‘ऑफिसच्या कामाला मुंबईला निघालो होतो, सिद्धेश्वरनं. थंडी अशी की डबाभर नुसते मोर झोपलेले; माणूस एक दिसंना. मीही आपल्या चादरीत. कुर्डुवाडीला चहाला उतरलो. अर्धा कप झाला तोवर गाडी हलली, म्हणून सापडेल त्या दाराने चढलो. अंधारात जागेवर येऊन बघतो तर कुणीतरी आडवं झालेलं. तेही माझी चादर घेऊन! मला वाटलं, आत्ता कुर्डुवाडीला चढले असणार. मी म्हणालो, “ओ काका, उठा. ही रिझर्व्ह जागा आहे. विचारल्याशिवाय असं झोपतात का?” काका बिचारे उठून बसले. माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, चप्पल शोधली आणि एक शब्द न बोलता गेले. मी चादर ओढून घेतली. ऊबदार होती. म्हटलं, बघा, आपली वस्तू ती आपली वस्तू. कल्याण आलं. बॅग घ्यायला वाकलो, तर बॅग नाही! माझ्या काळ्या बॅगेच्या जागी कुणाची तरी कापडी पिशवी. मी जो ओरडलो, सगळा डबा जागा केला. “रात्री इथं एक म्हातारा येऊन झोपला होता, त्याचंच काम आहे!” लोक बाकाखाली वाकून बघायला लागले. तेवढ्यात शेजारच्या कप्प्यातून काका आले. हातात माझी बॅग. म्हणाले, “ही हाय का तुमची?” मी बॅग घेतली आणि वर भिंतीवर नंबर बघितला. 25. काका म्हणाले, “बॅग घावली न्हवं? आता माझी जागा कुठली, तेवढं सांगा की साहेब.”’

इथे थांबायचं. टिपणातलं ‘पुढच्या वेळी नंबर बघूनच झोपणार’ हे वाक्य शाळेतल्या निबंधासाठी ठीक. हशा चालू असताना त्यातून तात्पर्य काढणं म्हणजे जेवणाऱ्यांच्या पुढ्यातून ताट उचलणं. काकांनी पाजलेला चहा मात्र मी टाकून दिला नाही, राखून ठेवला. कुणीतरी ‘मग काय झालं बे?’ असं विचारणारच. त्याला उत्तर म्हणून म्हणायचं, ‘मग काय, चहाचे पैसेपण काकांनीच दिले.’ दुसरा हशा विचारणाऱ्याच्या खात्यावर पडतो आणि त्यालाही बरं वाटतं.

मसुदा वाचून एकाने सुचवलं, मुंबईत ज्या साहेबांना भेटायचं होतं ते हेच काका निघाले, असं करा, धमाल येईल. मी नाही म्हणालो. दोन प्रसंगांचा एक प्रसंग करावा, मधला वेळ गाळावा, आपला आवाज होता त्याहून मोठा सांगावा, एवढी सूट मित्रमंडळीत चालते. पण न घडलेला योगायोग घातला की ऐकणारा हसायचं सोडून तपासायला बसतो, आणि पुढच्या वर्षी आपली खरी गोष्टही कुणाला खरी वाटत नाही. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि आपल्याच जिल्ह्यातल्या अकलूजमध्ये जन्मलेले द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं. त्यांच्या कथा रचलेल्याच होत्या, आणि समोरच्यांना ते माहीत होतं. हुरड्याच्या आगटीभोवती करार वेगळा असतो. तिथे आपण कथाकार नसतो, साक्षीदार असतो. फार तर जरा वाचाळ साक्षीदार.

लांबीचाही विचार करावा लागला. हुरडा गरम असतानाच खायचा असतो. कणसं आगटीतून निघाली, चोळून ताटात पडली, की कुणाचं लक्ष कुणाकडे नसतं. म्हणजे गोष्ट दोन घाण्यांच्या मधे बसली पाहिजे, तीनेक मिनिटांत. शिवाय आमच्यातल्या कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड. शब्दांवरची कोटी निम्म्यांना समजावून सांगावी लागते. चप्पल शोधणारे काका मात्र तिन्ही भाषांत सारखेच दिसतात.

मित्राने गोष्ट सांगितली, आणि मी बजावल्याप्रमाणे स्वतः हसला नाही. ‘ऊबदार होती’ या दोन शब्दांवर सगळ्यात आधी हसलं ते शेताच्या मालकाचं दहावीतलं पोरगं. मोठ्यांना तिथवर पोहोचायला अर्धं मिनिट जास्त लागलं. काकांच्या वाक्यावर मात्र एकाच वेळी सगळे.

तुमची फजिती झाली तर एवढं करा. कुठे, केव्हा, कितीला हे लिहून ठेवायची घाई नको. ते नंतरही आठवतं, नाही आठवलं तर तिकिटावर सापडतं. पण समोरचा माणूस नेमकं काय बोलला, ते त्याच दिवशी त्याच्याच बोलीत टिपून ठेवा. गोष्टीत तेवढंच एक असं असतं, जे कितीही हुशार मित्राला मागाहून घालता येत नाही.