सातांपैकी चार

(स्थळ: कॉलेजातली गणिताची स्टाफरूम. सर चहात बिस्कीट बुडवत आहेत. विद्यार्थी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी घेऊन दारात.)

विद्यार्थी: सर, येऊ? तिसऱ्या प्रश्नाला सातांपैकी चारच दिलेत. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज टाकण्याआधी म्हटलं तुम्हाला विचारावं.

सर: म्हणजे आधी धमकी, मग शंका. बस. प्रश्न वाच.

विद्यार्थी: पुढील प्रणालीचं फेज पोर्ट्रेट काढा.

```
x' = -3x + y
y' =  2x - 2y
```

सर: मग तू काय केलंस?

विद्यार्थी: आयगेनव्हॅल्यू काढल्या, -१ आणि -४. आयगेनव्हेक्टर काढले. -१ चा (१, २), -४ चा (१, -१). सगळं बरोबर आहे, सर.

सर: म्हणून त्याचे तीन गुण दिलेत. हे आयगेनव्हेक्टर आहेत म्हणजे काय आहेत?

विद्यार्थी: म्हणजे... मॅट्रिक्सने गुणलं की लांबी बदलते, रेषा बदलत नाही.

सर: ते पाठ आहे. आता (१, २) या बिंदूवर उभा राहा आणि वेग काढ.

विद्यार्थी: -३ अधिक २, म्हणजे -१. आणि २ वजा ४, म्हणजे -२. वेग (-१, -२). अरे, हा तर सरळ शून्याकडेच चाललाय!

सर: ज्या रेषेवर उभा आहे त्याच रेषेवरून. वेग त्याला बाजूला ढकलतच नाही, म्हणून तो तिच्यावरून उतरणार कसा? (१, -१) वर वेग (-४, ४). तिथंही तेच, फक्त घाई चौपट. या दोन सरळ वाटा आधी कागदावर ओढायच्या. दोन्ही आयगेनव्हॅल्यू ऋण आहेत, म्हणून चारही बाण आत. त्या रेषांचा एक गुण. झाले चार.

विद्यार्थी: प्रत्येक गणितात अशा दोन रेषा मिळतात?

सर: नाही. इथं आयगेनव्हॅल्यूंची बेरीज -५, गुणाकार ४. बेरजेचा वर्ग २५, गुणाकाराची चौपट १६. २५ मोठे आहेत म्हणून दोन रेषा. लहान असते तर एकही सरळ वाट मिळाली नसती, सगळं भोवऱ्यासारखं फिरत राहिलं असतं.

विद्यार्थी: मग उरलेले तीन गुण? या वक्ररेषा पाहा, सर. प्रत्येक शून्यापर्यंत गेलीय, एकही दुसरीला छेदत नाही, बाण सगळे आत.

सर: सुबक आहेत. रांगोळी स्पर्धेत पहिला नंबर. पण मला सांग, शून्याजवळ येताना या कोणत्या रेषेला चिकटल्यात?

विद्यार्थी: (१, -१) ला.

सर: का?

विद्यार्थी: तिची आयगेनव्हॅल्यू मोठी आहे ना. चार. जिचा जोर जास्त, तिच्याकडे सगळे जाणार.

सर: तू लग्नाच्या पंगतीत कधी वाढलंयस?

विद्यार्थी: वाढलंय की. मागच्या महिन्यातच.

सर: पंगत उठायच्या वेळी पानावर कोण बसलेलं असतं? भराभर जेवणारा की सावकाश जेवणारा?

विद्यार्थी: सावकाश. आमचे काका. मठ्ठ्याची तिसरी वाटी चालू असते.

सर: मग इथं भराभर कोण जेवतं?

विद्यार्थी: -४ वाली रेषा. म्हणजे तिचा वाटा आधी संपतो... आणि शेवटी काका उरतात, (१, २)!

सर: करून बघ, म्हणजे पंगतीवर विसंबायला नको. (३, ०) पासून निघ. तो बिंदू दोन रेषांत वाटून टाक.

विद्यार्थी: एकदा (१, २), अधिक दोनदा (१, -१). बरोबर, (३, ०) येतात.

सर: आता t = 1 झाल्यावर काय उरतं?

विद्यार्थी: काकांच्या वाट्याला e^(-1) ने गुणायचं, साधारण ०.३७. दुसऱ्या वाट्याला e^(-4), जेमतेम ०.०२. बेरीज करून बिंदू येतो (०.४०, ०.७०).

सर: y भागिले x?

विद्यार्थी: पावणेदोनच्या आसपास. (१, २) चा उतार दोन... म्हणजे तिला चिकटतच आलंय!

सर: आणि मागं बघितलंस, शून्यापासून लांब, तर उलट. तिथं पंगत नुकतीच बसलेली असते, त्यामुळे भराभर जेवणाऱ्याचाच आवाज. म्हणून लांबवर वक्ररेषा (१, -१) ला समांतर धावतात, आणि जवळ आल्यावर वळून (१, २) ला येऊन मिळतात. वळणाची जागाही सांगता येते. y' शून्य कुठं होतो?

विद्यार्थी: 2x - 2y = 0, म्हणजे y = x.

सर: त्या रेषेवर प्रत्येक वाट क्षणभर आडवी होते. (३, ०) वरून निघालेली वाट आधी वर चढते, साधारण (०.९४, ०.९४) ला आडवी होते, मग खाली उतरत शून्यात जाते. आता तुझ्या चित्रात (३, ०) मधून जाणारी वाट बघ.

विद्यार्थी: (घसा खाकरत) ती... लगेच खाली उतरतेय, सर.

सर: (३, ०) ला y' किती?

विद्यार्थी: २ गुणिले ३. अधिक सहा.

सर: अधिक सहा, आणि तू खाली! ही तपासणी दहा सेकंदांची आहे. एक बिंदू घ्यायचा, समीकरणात टाकायचा, बाण जुळतो का बघायचं.

विद्यार्थी: सर, एक सुचतंय. मी काळ उलटा धरला असणार! म्हणून उलटं आलं.

सर: काळ उलटा केला की बाण उलटे होतात, वक्ररेषा जिथल्या तिथंच राहतात. काका शून्याजवळच दिसणार, जाताना असोत की येताना. शिवाय तुझे बाण आतच आहेत.

विद्यार्थी: म्हणजे हे चित्र कशाचंच नाही?

सर: (चष्मा चढवून) तसं नाही. मला हेच तर नवल वाटत होतं. हे चित्र पूर्ण बरोबर आहे. फक्त या प्रणालीचं.

```
x' = -2x - y
y' = -2x - 3y
```

विद्यार्थी: ही कुठली?

सर: आयगेनव्हॅल्यू त्याच, -१ आणि -४. रेषाही त्याच दोन. फक्त जोड्या उलट. इथं (१, २) ला -४ आणि (१, -१) ला -१. (३, ०) ला y' = -६, म्हणून वाट खाली. तुझ्या चित्रातल्यासारखीच.

विद्यार्थी: काय योगायोग ना, सर!

सर: हा संच 'ब' मधला तिसरा प्रश्न आहे. मीच काढलाय. दोन्ही संचांत आयगेनव्हॅल्यू आणि रेषा मुद्दाम सारख्या ठेवल्या होत्या. तुझा संच 'अ'. तुझ्या डाव्या हाताला कोण बसलं होतं?

विद्यार्थी: (फोटोकॉपीची घडी घालत) सर, चार गुण पुरेत मला. अर्जाचं राहू द्या.

सर: थांब, त्या रेषांच्या एका गुणाचाही जरा विचार करू दे.

विद्यार्थी: त्या रेषा माझ्याच आहेत, सर! दोन्ही संचांत सारख्याच आहेत, आत्ता तुम्हीच म्हणालात!